एकाच बैठकीत क्यू तीन वेगळे आले: ३१.६, ३.७५ आणि ९.३

मालवी_मुलगी
नमस्कार. मी इंदूरची, बीएस्सी दुसरं वर्ष. परवा प्रॅक्टिकलला सिरीज एल-सी-आर होतं आणि त्यात मी पुरती अडकले आहे.

सर्किट साधं आहे. कॉइल १० मिलिहेन्री, कपॅसिटर ०.१ मायक्रोफॅरड आणि डिकेड बॉक्सवर १० ओहम. कॉइल आणि कपॅसिटर दोन्ही आधी मीटरवर मोजून घेतले होते, आकडे बरोबर आहेत. फंक्शन जनरेटरला काहीही न जोडता साइन वेव्ह १ व्होल्टवर लावली, मग सर्किट जोडलं. त्यानंतर व्होल्टेजच्या नॉबला हात लावला नाही, फक्त फ्रिक्वेन्सी बदलत गेले. (सगळे व्होल्ट आरएमएसमध्ये बदलून लिहिते आहे.)

१० ओहमवरचा व्होल्टेज ५.०३ किलोहर्ट्झला सर्वांत जास्त, ०.११९ व्होल्ट. सूत्रानेही ५.०३ येतात, म्हणजे तिथवर सगळं छान. मग ०.७०७ ची रेघ मारली, ती ४.४१ आणि ५.७५ ला कापते. बँडविड्थ १.३४, म्हणून क्यू ३.७५.

सूत्राने मात्र ३१.६ यायला हवा.

मैत्रीण म्हणाली, कपॅसिटरवरचा व्होल्टेज भागिले सर्किटला मिळणारा व्होल्टेज, तोही क्यूच. ५.०३ ला कपॅसिटरवर ३.७६ आणि जनरेटरच्या टोकांवर ०.४०५ मिळाले. भागाकार ९.३. आता तीन क्यू झाले! सर म्हणाले ग्राफ चुकला आहे, पुन्हा काढा. मी रीडिंग दोनदा घेतलं, तेच आलं. गुरुवारी जर्नल द्यायचं आहे. कुठला लिहू?

गुळवेल
०.७०७ ऐवजी ०.५ वर रेघ मारली असशील. आमच्या बॅचमध्ये अर्ध्या मुलांचं तेच झालं होतं.

मालवी_मुलगी
नाही दादा, ०.११९ चे ०.७०७ पट म्हणजे ०.०८४, तिथेच मारली आहे.

पिथमपूरकर
रेझोनन्सच्या भानगडीतून मी गेलो आहे म्हणून लिहितो. आमच्या शेडमध्ये पॉवर फॅक्टरसाठी कपॅसिटर बँक बसवली आणि ड्राइव्हवाल्या मशिनी वाढल्या तसे कपॅसिटर फुगायला लागले. वर्षभरात दोन बदलले. शेवटी ७ टक्के रिअ‍ॅक्टर लावल्यावर थांबलं. तुझा कपॅसिटर गरम होतो का ते आधी बघ. फुगला असेल तर क्यू-बियू सगळं चुकणारच.

मालवी_मुलगी
काका, माझा कपॅसिटर वाटाण्याएवढा आहे, हिरवा. गार आहे. :)

रेडिओकाका
ग्राफ चुकलेला नाही. सर्किटही चुकलेलं नाही. सरांना घाईत दिसलं नसेल.

पोरी, तू स्वतःच एक गोष्ट लिहून पुढे निघून गेलीस. जनरेटर १ व्होल्टवर लावला होतास आणि रेझोनन्सला त्याच्याच टोकांवर ०.४०५ मोजलेस. नॉबला हात लावला नाहीस, मग मधले ०.५९५ व्होल्ट गेले कुठे? आधी याचं उत्तर शोध. आणि कॉइल सुटी करून तिचा रेझिस्टन्स मल्टिमीटरने मोजून इथे लिही.

गणिताची_वही
हे कळलं मला. जनरेटरचा व्होल्टेज खाली बसतो आहे, म्हणून ग्राफचं शिखर दबलं आणि पसरट झालं. उपाय सोपा: प्रत्येक फ्रिक्वेन्सीला नॉब फिरवून जनरेटरच्या टोकांवर तेवढाच व्होल्टेज आणून ठेवायचा आणि मग १० ओहमवरचं रीडिंग घ्यायचं. असं केलंस की बरोबर ३१.६ येईल.

मालवी_मुलगी
रेडिओकाका, आज लॅब उघडी मिळाली. कॉइल २१.५ ओहम दाखवते. आणि जनरेटरच्या टोकांवर दुसरा चॅनल लावून फ्रिक्वेन्सी फिरवली. १ किलोहर्ट्झला जवळजवळ पूर्ण १ व्होल्ट. पुढे जाते तसा हळूहळू उतरतो, ५ च्या आसपास एकदम खोल खड्डा पडतो आणि पुढे पुन्हा वर येतो. खालच्या चॅनलवर डोंगर आणि वरच्या चॅनलवर त्याच जागी दरी. मला परवा वाटलं होतं की जनरेटर खराब आहे, म्हणून मी ते कोणाला सांगितलंच नाही.

रेडिओकाका
शाबास. ती दरी म्हणजेच तुझं उत्तर आहे.

आता सावकाश बघ, तुझ्याच आकड्यांवरून जाऊ. रेझोनन्सला १० ओहमवर ०.११९ व्होल्ट, म्हणजे सर्किटमधून ११.९ मिलिअँपिअर वाहतात. एकापाठोपाठ जोडलेलं सर्किट आहे, सगळीकडे करंट हाच. कॉइलची आणि कपॅसिटरची अडवणूक या जागी एकमेकींना खाऊन टाकते, उरतो तो निव्वळ रेझिस्टन्स. म्हणून इथे व्होल्टेज साधी वजाबाकी-बेरीज करून चालतात, एरवी चालत नाहीत.

जनरेटरच्या टोकांवर ०.४०५ आहेत. भागिले ११.९ मिलिअँपिअर, आले ३४ ओहम. त्यातले तुझे १० वजा कर, उरले २४. ते बहुतेक कॉइलच्या तारेचे.

हरवलेले ०.५९५ भागिले तोच करंट, आले ५० ओहम. तुझ्या जनरेटरच्या आउटपुटपाशी बारीक अक्षरात ५०Ω छापलेलं असेल, जाऊन बघ. तो त्याच्या पोटातला रेझिस्टन्स आहे आणि तोही तुझ्या सर्किटशी सिरीजमध्येच आहे. १ किलोहर्ट्झला सर्किट दीड हजार ओहमचं होतं, तिथे हे ५० कोणाला जाणवणार? रेझोनन्सला सर्किट ३४ वर आलं आणि ५० जड झाले.

५.०३ ला कॉइलची अडवणूक ३१६ ओहम होते. आता तिन्ही क्यू मांड:

```
316 / 10           = 31.6
316 / (10+24)      = 9.3
316 / (10+24+50)   = 3.76
```

तिन्ही आकडे खरे आहेत. पहिला तुझ्या टेबलावर नसलेल्या सर्किटचा, ज्यात कॉइलला तारच नाही. दुसरा टेबलावरच्या तीन वस्तूंचा. तिसरा जनरेटर धरून सगळ्याचा.

गणिताची_वही
म्हणजे मी म्हणालो ते बरोबर की, ५० ओहम बाद होतात.

रेडिओकाका
अर्धं बरोबर. टोकांवरचा व्होल्टेज कायम ठेवलास की जनरेटरचे ५० हिशेबातून जातात. कॉइलचे २४ कुठे जाणार? ते तारेत आहेत, नॉबने निघत नाहीत. त्या पद्धतीने ९.३ येईल, ३१.६ नाही. बँडविड्थ ५४० हर्ट्झच्या आसपास मिळायला हवी. करून बघ.

भौतिकी_ताई
ग्वाल्हेरहून लिहिते आहे, बरीच वर्षं हेच प्रॅक्टिकल घेते. रेडिओकाकांचं गणित चोख आहे, पण ‘तीन क्यू, तिन्ही खरे’ हे मला मुलांना सांगायला आवडत नाही. क्यू म्हणजे त्या सर्किटने साठवलेली ऊर्जा आणि दर फेरीला गमावलेली ऊर्जा यांचा हिशेब. ऊर्जा जनरेटरच्या ५० ओहममध्येही जाते. मग व्होल्टेजला हात न लावता काढलेल्या ग्राफचा क्यू ३.७५ हाच. ३१.६ हा कशाचाच क्यू नाही, अपुऱ्या बेरजेने आलेला आकडा आहे.

मालवी, तुला एक प्रयोग सुचवते. डिकेड बॉक्सवर १०, मग ५०, मग १०० ठेव आणि तिन्हींची बँडविड्थ काढ, जनरेटरच्या व्होल्टेजला हात न लावता. मग बँडविड्थ उभ्या अक्षावर आणि बॉक्सचा रेझिस्टन्स आडव्या अक्षावर घे. सरळ रेघ यायला हवी. ती रेघ मागे वाढवत ने आणि आडव्या अक्षाला शून्याच्या डावीकडे कुठे कापते ते बघ. तेवढे ओहम तुझ्या सर्किटमध्ये लपलेले आहेत. यात काही उघडायचं नाही, जनरेटरवर काय छापलंय तेही बघायचं नाही.

रेडिओकाका
ताई, ऊर्जेचं म्हणणं मान्य. पण कॉइल विकत घेताना दुकानदाराला तुमच्या जनरेटरचं काय? तिथे कॉइलचा स्वतःचाच क्यू विचारतात: ३१६ भागिले २४, तेरा. म्हणून मी ‘कशाचा’ हे विचारल्याशिवाय क्यूचा आकडा घेत नाही.

भौतिकी_ताई
कशाचा ते लिहायलाच हवं, त्यावर आपलं भांडण नाही. पण नुसतं ‘सर्किटचा क्यू’ म्हटलं तर ज्यातून करंट जातो ते सगळं आलं.

सराफा_रात्री
भिया, हे क्यू कमी-जास्त असून फरक काय पडतो? मी कॉमर्सचा आहे, उत्सुकता म्हणून वाचतोय.

रेडिओकाका
मालवा हाऊसचं स्टेशन ६४८ किलोहर्ट्झवर, ठाऊक असेल. मीडियम वेव्हवर स्टेशनं ९-९ किलोहर्ट्झच्या अंतराने बसवलेली असतात. रेडिओतल्या सर्किटला ६४८ घ्यायचं आणि ६५७ बाजूला ठेवायचं असेल तर बँडविड्थ ९ च्या आसपास हवी. ६४८ भागिले ९, क्यू साधारण ७२ हवा. या पोरीच्या ३.७५ क्यूच्या सर्किटने रेडिओ केला तर बँडविड्थ १७० च्या वर जाईल आणि अठरा-एकोणीस स्टेशनांच्या जागा एकदम कानात शिरतील. मी दुकानात असताना अशी गिऱ्हाइकं येत, ‘काका, इंदूरच्या मागे कोणीतरी बोलतंय’ म्हणत. अँटेना कॉइलची बारीक तार एक-दोन ठिकाणी तुटलेली असायची. ती बऱ्याच बारीक तारांची वेणी असते, सगळी तुटत नाही म्हणून रेडिओ बंद पडत नाही. रेझिस्टन्स तेवढा वाढतो, क्यू बसतो. स्टेशन लागतं पण वेगळं होत नाही.

पिथमपूरकर
मी प्रश्न नीट न वाचता लिहिलं, माफ करा. पण आता वाचून एक लक्षात आलं. हिच्या कपॅसिटरवर ३.७६ व्होल्ट आहेत आणि जनरेटर तर १ चाच! आमच्याकडे रिअ‍ॅक्टर लावताना इंजिनिअरने ४४० चे कपॅसिटर काढून ५२५ चे घ्यायला लावले होते. मी तेव्हा खर्चावरून वाद घातला होता. हेच कारण का?

रेडिओकाका
हेच. तुमचा रिअ‍ॅक्टर कपॅसिटरशी सिरीजमध्ये आहे. ७ टक्के म्हणजे ५० हर्ट्झला रिअ‍ॅक्टरची अडवणूक कपॅसिटरच्या ७ टक्के. त्यांचा रेझोनन्स ५० भागिले √०.०७, म्हणजे १८९ हर्ट्झला येतो. तुम्ही ५० वर चालवता, रेझोनन्सपासून बरेच लांब, तरी रिअ‍ॅक्टरचा व्होल्टेज उलट दिशेचा असल्याने कपॅसिटरला लाइनपेक्षा जास्त मिळतो. ४४० भागिले ०.९३, सुमारे ४७३. तुमच्या ड्राइव्हचे २५० हर्ट्झचे हार्मोनिक १८९ च्या वर पडतात. तिथे ही जोडी कॉइलसारखी वागते, म्हणून कपॅसिटर ट्रान्सफॉर्मरशी मिळून त्यांना वाढवू शकत नाही. इंजिनिअर बरोबर होता.

पिथमपूरकर
आज कळलं. त्याला फोन करून सांगतो.

नर्मदाकाठ
मालवी, कपॅसिटरवरचे ३.७६ मोजताना सीआरओची काळी क्लिप कुठे लावली होतीस? विचारतोय कारण आमच्या लॅबमध्ये मी हे करून बसलो होतो. जनरेटरची काळी वायर आणि सीआरओची काळी क्लिप दोन्ही आतून अर्थला जोडलेल्या असतात. कपॅसिटर मध्ये आणि १० ओहम अर्थच्या टोकाला असेल, आणि क्लिप कपॅसिटरच्या एका पायाला लावली, तर तो १० ओहम शॉर्ट होतो. काही जळत नाही, ठिणगी नाही, रीडिंग पण येतं. फक्त थोडं जास्त येतं. मी अख्खा तक्ता तसा भरला होता.

मालवी_मुलगी
दादा, ते माझ्या मैत्रिणीच्या लक्षात आलं होतं. कपॅसिटरचं रीडिंग घेताना आम्ही कपॅसिटर आणि रेझिस्टन्सची अदलाबदल केली, कपॅसिटर अर्थच्या बाजूला आणला. सिरीजमध्ये क्रम बदलला तरी करंट तोच, हे मी आधी पाहून घेतलं.

नर्मदाकाठ
मग ३.७६ वर विश्वास ठेवायला हरकत नाही.

मालवी_मुलगी
आज तीन तास लॅबमध्ये होते. आउटपुटपाशी खरंच ५०Ω छापलं आहे, दोन वर्षं डोळ्यांसमोर होतं.

आधी नॉब फिरवून टोकांवर ०.४ व्होल्ट कायम ठेवून ग्राफ काढला. शिखर ५.०३ लाच, ०.७०७ ची रेघ ४.७७ आणि ५.३१ ला. बँडविड्थ ०.५४, क्यू ९.३. काकांनी सांगितलं तसंच! मैत्रिणीच्या भागाकाराने आलेलाही ९.३ च होता. आता कळलं की तिने टोकांवरच्या व्होल्टेजने भागलं, म्हणून ५० ओहम तिच्या हिशेबात आलेच नाहीत.

एक त्रास मात्र झाला. शिखराजवळ फ्रिक्वेन्सी जराशी हलवली की व्होल्टेज घसरतो, तो सावरेपर्यंत फ्रिक्वेन्सी हलते. एका रीडिंगला तीन-चारदा दोन्ही नॉब फिरवावे लागले.

मग ताईंचा प्रयोग. बॉक्सवर १० ला बँडविड्थ १.३४ किलोहर्ट्झ, ५० ला १.९७, १०० ला २.७७. तिन्ही बिंदू एका रेघेत बसले. मागे वाढवली तर ७४ वर कापते. ५० आणि २४!

भौतिकी_ताई
सुरेख. रेघेचा चढही बघ. १० ते १०० मध्ये, म्हणजे ९० ओहमला, बँडविड्थ १.४३ किलोहर्ट्झ वाढली, दर ओहमला १५.९ हर्ट्झ. हा आकडा 1/(2πL) असतो. त्यातून कॉइल किती मिलिहेन्रीची ते काढ, १० च येते. तुझ्या मीटरचीही पडताळणी झाली.

गणिताची_वही
पण मल्टिमीटर तर २१.५ म्हणाला होता. २४ मधले अडीच ओहम कोणाचे? जनरेटर ५० चा नसून साडेबावन्नचा असेल.

भौतिकी_ताई
नाही. ९.३ वाल्या दोन्ही मोजमापांत जनरेटर नाहीच आणि तिथेही २४ च येतात. जनरेटर सुटला.

नर्मदाकाठ
कॉइलला फेराइटचा गाभा असेल तर त्यातही ऊर्जा जाते. मल्टिमीटर डीसीने मोजतो, त्याला गाभ्याचं नुकसान दिसत नाही. मला वाटतं तेच.

रेडिओकाका
गाभा असेल किंवा तो हिरवा कपॅसिटरही असेल. हिरवे बहुतेक पॉलिएस्टरचे असतात आणि ५ किलोहर्ट्झला त्यांचं नुकसान ०.१ मायक्रोफॅरडला एक-दोन ओहमएवढं सहज होतं. आणि हेही बघा, अडीच ओहम म्हणजे बँडविड्थमध्ये ४० हर्ट्झ. पोरीचे आकडे दहा-दहा हर्ट्झच्या पायरीने घेतलेले, सीआरओचा व्होल्टेज दोन-तीन टक्के इकडेतिकडे. अडीचमधला निम्मा तर नुसत्या वाचण्यात जाऊ शकतो. एवढ्यावरून मी गाभ्याला दोषी धरणार नाही.

गणिताची_वही
मग कपॅसिटर बदलून बघू दे. घरच्या पंख्यातला अडीच मायक्रोफॅरडचा पॉलिप्रॉपिलीनचा असतो, त्यात नुकसान अगदी कमी.

भौतिकी_ताई
तो लावला तर रेझोनन्स ५ वरून १ किलोहर्ट्झला येईल. गाभ्याचं नुकसान फ्रिक्वेन्सीबरोबर बदलतं, म्हणजे एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या. अडीच ओहम गायब झाले तरी कोणामुळे ते कळणार नाही. कपॅसिटर ०.१ चाच हवा, फक्त जात वेगळी.

मालवी_मुलगी
तोवर जर्नलमध्ये असं लिहिते आहे: ३.७५ हा जनरेटरसकट सर्किटचा, ९.३ हा टोकांपासून पुढच्या भागाचा, आणि शेजारी ताईंची रेघ, ७४ ओहमवर कापणारी. ३१.६ खोडत नाही, पण त्यापुढे ‘कॉइलचा रेझिस्टन्स शून्य धरल्यास’ असं लिहिलं आहे. सरांना वरच्या चॅनलवरची दरीही दाखवली. ते बराच वेळ फ्रिक्वेन्सीचा नॉब पुढे-मागे करत बघत होते. पुढच्या बॅचला दोन्ही चॅनल लावायला सांगू म्हणाले.

०.१ चा पॉलिप्रॉपिलीन आमच्या लॅबमध्ये नाही.

रेडिओकाका
माझ्या डब्यात जुन्या टीव्हीतून काढलेले दोन पडले आहेत. मोजून ठेवतो. रामबागेत राहतो, पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवतो. रविवारी सकाळी मैत्रिणीला घेऊन ये, काकू पोहे करेल. ती कॉइलही आण, गाभा काढता येतो का बघू.